कंपनीला सीएसआर प्रस्ताव लिहिताना : व्यवसाय प्रशिक्षण केंद्राची फलनिष्पत्ती आणि अंदाजपत्रक

व्यवसाय प्रशिक्षण केंद्रासाठी कंपन्यांकडे जाणाऱ्या बहुतेक प्रस्तावांमध्ये गरजेचे वर्णन सविस्तर असते, संस्थेची ओळख त्याहून सविस्तर असते, आणि शेवटच्या पानावर दोन गोष्टी घाईने आलेल्या असतात : ‘१२० तरुणांना रोजगारक्षम बनवणे’ असे उद्दिष्ट आणि त्याखाली अंदाजपत्रकाचा तक्ता. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचे काम पाहणारा, अधिकारी मात्र वाचायला सुरुवात या शेवटच्या पानापासूनच करतो, कारण त्याला संचालक मंडळापुढे आणि पुढे लेखापरीक्षकापुढे याच दोन गोष्टींचे उत्तर द्यायचे असते. फलनिष्पत्ती आणि अंदाजपत्रक ही दोन वेगळी प्रकरणे आहेत असे समजून लिहिलेला प्रस्ताव पहिल्याच बैठकीत अडखळतो. फलनिष्पत्तीतल्या प्रत्येक आकड्यामागे खर्चाची एक ओळ असली पाहिजे आणि खर्चाच्या प्रत्येक ओळीतून कोणता आकडा साध्य होणार आहे हे सांगता आले पाहिजे. ते कसे करायचे हे या लेखात एका उदाहरणावरून पाहू.

त्याआधी कंपनीचे हात कुठे बांधलेले असतात हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा खर्च कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसणाऱ्या कामांवरच करता येतो. रोजगार मिळवून देणारी व्यवसाय कौशल्ये या अनुसूचीच्या दुसऱ्या बाबीत शिक्षणाबरोबर स्पष्टपणे नमूद आहेत, त्यामुळे प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात त्या बाबीचा उल्लेख एका वाक्यात करावा आणि पुढे जावे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो, म्हणून कारखान्यापासून आपले केंद्र किती किलोमीटरवर आहे हे लिहिणे उपयोगाचे ठरते.

संस्थेच्या बाजूने, न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा कलम ८ खालील कंपनी यांपैकी एक असणे, आयकर कायद्याखालील १२ए आणि ८०जी नोंदणी असणे, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असणे आणि केंद्र सरकारकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक मिळालेला असणे या गोष्टी लागतात. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झाला. अर्जावर संस्थेची डिजिटल सही आणि सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांचे प्रमाणन लागते. हा क्रमांक नसेल तर कंपनीची कितीही इच्छा असली तरी ती आपल्या संस्थेमार्फत सीएसआरचे काम करू शकत नाही, म्हणून प्रस्ताव लिहायला घेण्याआधी ते काम पूर्ण करून ठेवावे.

उदाहरण : सिन्नर तालुक्यातले पॅनल वायरिंगचे केंद्र

समजा, सिन्नर तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेला बारावी झालेल्या किंवा शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुला-मुलींसाठी पॅनल वायरिंगचे केंद्र सुरू करायचे आहे. नाशिक, अंबड, सातपूर आणि सिन्नर या पट्ट्यात विद्युत उपकरणे आणि नियंत्रण पॅनल बनवणारे मोठे कारखाने आहेत आणि त्यांना माल पुरवणारे लहान कारखानदारही आहेत. पॅनल वायरिंगचे काम टेबलापाशी बसून किंवा उभे राहून करायचे असते. तार मापात कापायची, टोकाचे आवरण सोलायचे, आकृतीतल्या क्रमांकाची छोटी नळी, म्हणजे फेरूल, चढवायची, टोकाला धातूचा लग दाबून बसवायचा, तार डक्टमधून नीट वळवून टर्मिनलला कसायची आणि शेवटी मल्टिमीटरने सातत्य तपासायचे, असा त्याचा क्रम असतो. त्याला ताकदीपेक्षा नजर आणि शिस्त लागते, त्यामुळे मुलीही हे काम उत्तम करतात.

गरज सिद्ध करताना देशातल्या बेरोजगारीची आकडेवारी देऊ नये, कारण ती कोणत्याही प्रस्तावाला लावता येते आणि म्हणून या प्रस्तावाबद्दल काहीच सांगत नाही. त्याऐवजी पंधरा-वीस पॅनल कारखानदारांना भेटून चार प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षभरात वायरिंगसाठी किती नवी माणसे घेतली, त्यांना सुरुवातीला किती पगार दिला, त्यांतली किती टिकली, आणि नव्या माणसाच्या कामात सर्वांत मोठी अडचण कोणती आली. हे काम सलग केले तर एका आठवड्यात होते. त्यातून मिळणारा एकच पानाचा तक्ता आणि त्यासोबत पाच-सहा कारखानदारांनी आपल्या लेटरहेडवर दिलेले, ‘योग्य उमेदवार असल्यास आम्ही मुलाखतीला बोलावू’ एवढेच सांगणारे पत्र, हा प्रस्तावातला सर्वांत बोलका पुरावा असतो. नोकरीची हमी देणारे पत्र मागू नये. ते कुणी देत नाही, आणि दिले तरी वाचणारा त्यावर विश्वास ठेवत नाही.

या भेटींतूनच अभ्यासक्रम ठरतो. कारखानदार सांगतात की मुलांना तारा जोडता येतात, पण आकृती वाचता येत नाही. त्यावरून एवढे तरी ठरते की तीन महिन्यांपैकी पहिला महिना आकृती वाचनाला द्यायचा. अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातल्या एखाद्या मान्य पात्रतेशी जोडलेला असावा आणि मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावे, कारण संस्थेने स्वतः छापलेल्या प्रमाणपत्राला कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात किंमत नसते. त्याच वेळी हे प्रमाणपत्र म्हणजे राज्य शासनाचा तारतंत्री परवाना नव्हे, हे प्रस्तावात आणि मुलांच्या पालकांसमोर, दोन्हीकडे स्पष्ट करावे.

फलनिष्पत्ती : पाच आकडे आणि प्रत्येकाचा पुरावा

‘किती जणांना प्रशिक्षण दिले’ ही आपण केलेल्या कामाची मोजणी आहे. ‘त्यामुळे त्यांच्या आयुष्यात काय बदलले’ ही फलनिष्पत्ती आहे. प्रस्तावात दोन्ही लागतात, पण त्यांची सरमिसळ झाली की वाचणाऱ्याला संस्थेच्या विचारातली ढिलाई लगेच दिसते. आपल्या उदाहरणात सकाळी एक आणि दुपारी एक अशा वीस-वीसच्या दोन तुकड्या एकाच वेळी चालतील, प्रत्येक तुकडी तीन महिन्यांची असेल, आणि जून ते ऑगस्ट, सप्टेंबर ते नोव्हेंबर व डिसेंबर ते फेब्रुवारी अशा तीन फेऱ्या होतील. म्हणजे प्रवेश १२० जणांचे. प्रस्तावात पुढचे आकडे असे मांडता येतील : १२० प्रवेश, त्यांपैकी १०५ अभ्यासक्रम पूर्ण करणारे, ९६ मूल्यमापनात उत्तीर्ण, ७२ नोकरीला लागणारे आणि ४८ सहा महिन्यांनंतरही कामावर असणारे. हे आकडे उदाहरणापुरते गृहीत धरलेले आहेत; खऱ्या प्रस्तावात ते संस्थेच्या आधीच्या तुकड्यांच्या अनुभवावरून यायला हवेत.

ही उतरती माळ लिहायला अनेक संस्था घाबरतात, कारण १२० वरून ४८ वर येणे कमीपणाचे वाटते. माझे मत नेमके उलटे आहे. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असे लिहिणारा प्रस्ताव वाचून अनुभवी सीएसआर अधिकारी सावध होतो, तर कुठे किती माणसे गळणार आणि का, हे आधीच लिहिणारी संस्था त्याला विश्वासार्ह वाटते. मात्र प्रत्येक गळतीचे कारण आणि त्यावरचा उपाय लिहिला पाहिजे. पहिल्या फेरीत जूनमध्ये पेरणी येते आणि शेतकरी घरातली मुले काही दिवस वर्गाला येत नाहीत. म्हणून पहिल्या फेरीचे वेळापत्रक त्या काळापुरते सैल ठेवायचे. दुपारच्या तुकडीतल्या मुलींची गळती बहुधा अभ्यासाच्या अडचणीमुळे होत नाही, परतीच्या एस.टी.च्या वेळेमुळे होते. म्हणून दुपारचा वर्ग शेवटच्या सोयीच्या गाडीच्या वेळेआधी अर्धा तास सुटला पाहिजे. उत्तीर्ण झालेल्या ९६ जणांपैकी २४ जण नोकरीला का लागत नाहीत, याचे उत्तरही शोधावे लागते : काही जण पुढे शिकतात, काही घरच्या शेतीत परततात, आणि काहींना देऊ केलेला पगार खोलीभाडे आणि प्रवास वजा केल्यावर परवडत नाही.

आता व्याख्या. ‘नोकरीला लागणे’ म्हणजे नक्की काय, हे प्रस्तावातच लिहून टाकावे, नाहीतर वर्षअखेरीस संस्थेचा आकडा एक आणि कंपनीचा दुसरा अशी स्थिती येते. नियुक्तिपत्र मिळाले म्हणजे नोकरी लागली असे धरू नये, कारण पत्र मिळालेल्यांपैकी काही जण रुजूच होत नाहीत. पहिला पगार बँक खात्यात जमा झाला, त्या नोंदीची प्रत आपल्याकडे आली, आणि पगार त्या कामासाठी लागू असलेल्या किमान वेतनापेक्षा कमी नाही, या तीन अटी पूर्ण झाल्या की मगच मोजावे. कंत्राटदारामार्फत लागलेल्यांची मोजणी करायची असेल तर ती वेगळ्या रकान्यात करावी. स्वतःचे दुरुस्तीचे काम सुरू करणाऱ्यांनाही वेगळे ठेवावे आणि त्यांच्यासाठी पुरावा काय असेल हे आधी ठरवावे. आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याकडून, त्याच्या पगाराची माहिती कंपनीला दाखवण्यास लेखी संमती प्रवेशाच्या दिवशीच घ्यावी. नंतर ती मिळवणे फार कठीण जाते.

कौशल्य आले की नाही याचीही मोजपट्टी हवी, कारण मूल्यमापनाचा निकाल एकटा पुरेसा बोलत नाही. पॅनल वायरिंगमध्ये ही मोजपट्टी सोपी आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात एकच काम द्यायचे : आकृती समोर ठेवून डीओएल स्टार्टरची, म्हणजे मोटार थेट चालू करणाऱ्या साध्या स्टार्टरची, जोडणी करायची, ज्यात एक कॉन्टॅक्टर, एक ओव्हरलोड रिले आणि चालू-बंद करण्याची दोन बटणे असतात. वेळ दीड तास. मग चार गोष्टी तपासायच्या : फेरूलवरचे क्रमांक आकृतीशी जुळतात का, एकेक तार हाताने ओढल्यावर लगमधून निसटते का, टर्मिनलवर सोललेले तांबे आवरणाबाहेर उघडे दिसते का, आणि जोडणी पहिल्याच प्रयत्नात चालते का. पहिल्या आणि शेवटच्या चाचणीतला फरक हा प्रस्तावात ‘१०५ पैकी किमान ९० जण ही जोडणी दीड तासात विनाचूक करतील’ अशा एका वाक्यात मांडता येतो. असे वाक्य कारखान्यातल्या अभियंत्याला वाचायला दिले तर तो प्रश्न विचारू लागतो, आणि प्रश्न विचारणारा अभियंता हा सीएसआर समितीत आपला सर्वांत चांगला पाठीराखा ठरतो.

शेवटचा आकडा, म्हणजे सहा महिने टिकणाऱ्यांचा, सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत महाग असतो. तिसरी फेरी फेब्रुवारीअखेर संपते, त्यातले उमेदवार मार्चमध्ये रुजू होतात, म्हणजे त्यांचे सहा महिने सप्टेंबरमध्ये पूर्ण होतात. आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. बारा महिन्यांच्या प्रस्तावात सहा महिन्यांच्या टिकावाचे वचन देणे म्हणजे मोजता न येणारे वचन देणे आहे. म्हणून हा प्रकल्प एप्रिल ते पुढच्या वर्षाचा सप्टेंबर, असा अठरा महिन्यांचा मांडावा आणि कंपनीने त्याला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी द्यावी असे प्रस्तावात स्पष्टपणे सुचवावे. सुरू झाल्याचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंतच्या प्रकल्पाला ही सोय नियमांत आहे. त्यामुळे त्या प्रकल्पाची अखर्चित रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून कंपनीला ती पुढे वापरता येते. चालू प्रकल्प नसेल तर अखर्चित रक्कम सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या निधीत भरून टाकावी लागते, आणि ती आपल्या केंद्राकडे परत येत नाही.

अंदाजपत्रक

वरच्या पाच आकड्यांना लागणारा खर्च असा मांडता येईल. दर गृहीत आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक मोठ्या खरेदीसाठी तीन दरपत्रके जोडावीत.

| बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| प्रात्यक्षिक टेबले, हत्यारांचे संच, मोजमापाची उपकरणे, अर्थिंग व वायरिंग | एकदाच | ५,००,००० |
| दोन प्रशिक्षक | २८,००० × १० महिने × २ | ५,६०,००० |
| प्लेसमेंट व पाठपुरावा अधिकारी | २५,००० × १८ महिने | ४,५०,००० |
| केंद्र समन्वयक | २२,००० × १२ महिने | २,६४,००० |
| तार, लग, फेरूल इत्यादी सराव साहित्य | २,५०० × १२० | ३,००,००० |
| भाडे व वीज | २०,००० × १२ महिने | २,४०,००० |
| प्रशिक्षणार्थ्यांचा एस.टी. प्रवास | ६०० × ३ महिने × १२० | २,१६,००० |
| मूल्यमापन व प्रमाणपत्र | १,२०० × १०५ | १,२६,००० |
| सुरक्षा बूट, गॉगल, अपघात विमा | १,००० × १२० | १,२०,००० |
| हिशेब व प्रकल्पाचे लेखापरीक्षण | अठरा महिने | ५४,००० |
| पाठपुराव्याचा प्रवास व दूरध्वनी | अठरा महिने | ५०,००० |
| एकूण | | २८,८०,००० |

या तक्त्यात सर्वांत आधी नजर जायला हवी ती तिसऱ्या ओळीकडे आणि एकूणच्या वरच्या ओळीकडे. ७२ आणि ४८ हे दोन आकडे ज्या माणसाच्या कामातून येतात, तो माणूस बहुतेक अंदाजपत्रकांत नसतोच. प्रशिक्षकाने शिकवून झाल्यावर कारखान्यांना फोन करावेत आणि पुढे सहा महिने मुलांची खबरबात घ्यावी, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात पुढची तुकडी सुरू झाली की प्रशिक्षकाला ते शक्य होत नाही, आणि वर्षअखेरीस टिकावाचा आकडा अंदाजाने भरला जातो. पाठपुराव्यावर खर्च दाखवला तर कंपनी नाराज होईल ही भीती निराधार आहे. टिकावाचे वचन आहे आणि त्याचा खर्च कुठेच नाही, हे लक्षात आले तर मात्र ती नक्की शंका घेईल.

दुसरी गोष्ट, पगाराच्या ओळींची. कंपन्यांशी बोलताना ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत ठेवा’ असे वारंवार ऐकू येते आणि संस्था भीतीपोटी समन्वयकाचा पगार काढून टाकतात. नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीने आपला स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांसाठी थेट केलेला खर्च त्या मर्यादेत धरला जात नाही. प्रशिक्षक, समन्वयक आणि पाठपुरावा अधिकारी यांचे पगार हा अंमलबजावणीचाच थेट खर्च आहे. तरीही काही कंपन्यांचे स्वतःचे अंतर्गत धोरण यापेक्षा कडक असते आणि त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नसतो. अशा वेळी ‘पगार’ अशी एकच ढोबळ ओळ न लिहिता प्रत्येक पदासमोर त्या माणसाने कोणता आकडा साध्य करायचा आहे हे लिहावे, जेणेकरून तो खर्च प्रशासकीय आहे असे कुणाला वाटणार नाही.

खरेदीच्या किमती जीएसटीसह धराव्यात. संस्थेला खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे करावाचून दर लिहिले की हत्यारांच्या संचाच्या वेळी अठरा टक्क्यांचा खड्डा पडतो आणि तो भरायला दुसऱ्या बाबीतून पैसे ओढावे लागतात. भांडवली वस्तूंच्या मालकीबद्दलही एक ओळ लिहावी. सीएसआरच्या पैशांतून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या न्यासाच्या, संस्थेच्या किंवा कलम ८ च्या कंपनीच्या नावावर, लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या किंवा समूहाच्या नावावर, अथवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. मालमत्ता नोंदवही ठेवू, प्रत्येक टेबलावर क्रमांक टाकू, आणि केंद्र बंद झाल्यास ती कुणाकडे जाईल, एवढे तीन मुद्दे पुरेसे आहेत. प्रशिक्षणार्थ्यांकडून नाममात्र शुल्क घेणार असाल किंवा बँकेत पडून असलेल्या रकमेवर व्याज मिळणार असेल, तर ती रक्कम याच प्रकल्पात वापरली जाईल असेही लिहावे.

आता हप्ते. संस्थेच्या दृष्टीने कंपनीने धनादेश दिला की पैसे मिळाले. कंपनीच्या दृष्टीने मात्र संस्थेने ते प्रत्यक्ष वापरल्याशिवाय खर्च झाला असे धरता येत नाही, आणि दिलेली रक्कम ठरलेल्या कामावरच वापरली गेली याचे प्रमाणपत्र कंपनीच्या वित्तप्रमुखाला संचालक मंडळाला द्यावे लागते. जानेवारी-फेब्रुवारीत सीएसआर विभाग उपयोगिता प्रमाणपत्रासाठी इतका पाठपुरावा का करतो, याचे उत्तर यात आहे. म्हणून अंदाजपत्रकाच्या सोबत तिमाहीनुसार खर्चाचा अंदाज जोडावा, आणि ३१ मार्चपर्यंत किती खर्च होईल हे वेगळे लिहावे. आपल्या उदाहरणात पाठपुरावा अधिकाऱ्याचा सहा महिन्यांचा पगार १,५०,००० रुपये, पाठपुराव्याचे ३०,००० आणि हिशेबाचे २०,००० असे २,००,००० रुपये दुसऱ्या आर्थिक वर्षात जातात, तर उरलेले २६,८०,००० रुपये पहिल्याच वर्षात वापरले जातात. त्यानुसार पहिला हप्ता करार झाल्यावर भांडवली खर्चासह, दुसरा पहिल्या फेरीच्या मूल्यमापनानंतर आणि तिसरा जानेवारीत मागावा. दुसऱ्या वर्षाचे दोन लाख हा चौथा हप्ता. हप्ता तारखेशी न जोडता कामाच्या टप्प्याशी जोडला की दोन्ही बाजूंना सोयीचे जाते, मात्र पहिला हप्ता इतका लहान स्वीकारू नये की संस्थेला स्वतःच्या खिशातून पगार द्यावे लागतील. प्रकल्पासाठी स्वतंत्र बँक खाते किंवा किमान स्वतंत्र खातेवही ठेवू, हे वाक्यही विसरू नये.

एकूण रकमेला फलनिष्पत्तीने भागून दाखवणे हे प्रस्तावाचे शेवटचे पण आवश्यक काम आहे. २८,८०,००० भागिले १२० म्हणजे प्रवेश घेणाऱ्यामागे २४,००० रुपये. भागिले ७२ म्हणजे नोकरीला लागणाऱ्यामागे ४०,००० रुपये. भागिले ४८ म्हणजे सहा महिने टिकणाऱ्यामागे ६०,००० रुपये. बहुतेक संस्था फक्त पहिला आकडा देतात, कारण तो लहान दिसतो. तिन्ही द्यावेत. कंपनीच्या हातात अनेक प्रस्ताव असतात आणि ती तुलना करणारच. आपण ६०,००० सांगितले आणि दुसऱ्याने १५,००० सांगितले, तर आपला आकडा कशाचा आहे आणि दुसऱ्याचा कशाचा, हे तिला आपल्याच पानावरून कळले पाहिजे.

मागताना दोन गोष्टी टाळाव्यात. कंपनी स्वतःच्याच कामगारांना किंवा फक्त त्यांच्या मुलांना या केंद्रात शिकवण्याची अट घालत असेल तर तो सीएसआरचा खर्च ठरत नाही. केंद्र सर्वांसाठी खुले असले पाहिजे, मग त्यांत कामगारांची मुलेही आली तर हरकत नाही. दुसरे, केंद्राच्या दारावर कंपनीच्या मदतीचा उल्लेख करणारी पाटी लावणे ठीक आहे, पण उत्पादनांची जाहिरात करून देण्याचे आश्वासन देऊ नये, कारण विपणनाच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व नियमांनी वगळलेले आहे. संस्थेने उत्साहाच्या भरात असे काही लिहिले तर कंपनीच्या विधी विभागाकडून प्रस्ताव परत येतो.

कंपनी म्हणाली, वीस लाखच आहेत

ही वेळ जवळपास प्रत्येक प्रस्तावावर येते, आणि बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. संस्था १२० चा आकडा तसाच ठेवते आणि प्रत्येक ओळ थोडी थोडी कापते. आधी पाठपुरावा अधिकारी जातो, मग एस.टी. प्रवास जातो, सराव साहित्य अर्धे होते. परिणाम असा होतो की मुले एकच तार दहा वेळा कापून सराव करतात, दुपारच्या तुकडीतल्या मुली महिनाभरात गळतात आणि ७२ चा आकडा चाळिशीत येतो. कपात करायची तर फलनिष्पत्तीत करावी, म्हणजे माणसे कमी घ्यावीत आणि प्रत्येकावरचा खर्च तसाच ठेवावा.

हिशेब करून पाहू. तिसरी फेरी रद्द केली तर ८० प्रवेश उरतात. टेबले आणि हत्यारांचे पाच लाख तेवढेच राहतात, कारण वीस जणांच्या तुकडीला तेवढी लागणारच. प्रशिक्षक सात महिने, समन्वयक आणि भाडे नऊ महिने, आणि नोव्हेंबरअखेर संपणाऱ्या दुसऱ्या फेरीचा सहा महिन्यांचा पाठपुरावा जूनपर्यंत धरला तर पाठपुरावा अधिकारी पंधरा महिने लागतो. साहित्य, प्रवास, मूल्यमापन आणि सुरक्षा साहित्य माणसांच्या प्रमाणात कमी होते. हिशेबाचे ४७,००० आणि पाठपुराव्याचे ४०,००० धरून सर्व मिळून २२,४०,००० रुपये येतात. म्हणजे माणसे एक तृतीयांशाने कमी झाली, पण खर्च फक्त ६,४०,००० रुपयांनी कमी झाला, आणि प्रवेश घेणाऱ्यामागचा खर्च २४,००० वरून २८,००० वर गेला.

हे गणित कंपनीसमोर तसेच ठेवावे. अनेकदा त्यावरूनच कंपनीच्या लक्षात येते की तिने आणखी थोडी रक्कम दिली तर पूर्ण प्रकल्प उभा राहतो, आणि ती पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून तिसऱ्या फेरीची रक्कम देण्याचा विचार करते. ते शक्य नसेल तर भांडवली खर्चाचे पाच लाख एखाद्या दुसऱ्या दात्याकडून, म्हणजे स्थानिक उद्योजकांच्या संघटनेकडून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून, उभे करण्याचा प्रयत्न करावा. मग ८० जणांच्या प्रकल्पासाठी कंपनीकडे १७,४०,००० रुपयेच मागावे लागतात आणि ते तिच्या वीस लाखांत बसतात. मात्र त्या वेळी कोणत्या वस्तूसाठी कुणाचे पैसे वापरले, याची दोन वेगळी खाती पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजेत, कारण एकाच टेबलाचे बिल दोन दात्यांच्या उपयोगिता प्रमाणपत्रांत आले की लेखापरीक्षक दोन्ही प्रमाणपत्रे थांबवतो.